हात्तिच्या आणि आयला: एकाच शिवीचे दोन तुकडे

नमस्कार मंडळी. आजचा विषय म्हणजे शिवी देता देता न दिलेली शिवी. मूळ शब्द मी शक्यतो उच्चारणार नाहीये, समोर तीन पिढ्या बसल्यात. आणि तशी गरजही पडणार नाही, कारण या विषयाची गंमतच ही की अर्धा शब्द काढला तरी उरलेला अर्धा समोरचा मनातल्या मनात पूर्ण करतो.

आपल्या सगळ्यांच्या तोंडातल्या दोन उद्गारांपासून सुरुवात करतो. एक, हात्तिच्या. दुसरा, आयला. पहिला तर इतका निरुपद्रवी की पूजेला आलेले गुरुजीसुद्धा काडेपेटी सापडली नाही तर म्हणतील. आता हात्तिच्या जरा सावकाश म्हणून बघा. हात, तिच्या... पुढे? तिच्या काय? वाक्य तिथेच तुटलंय. कोणाच्या तरी काहीतरीला काहीतरी होणार होतं आणि बोलणारा गप्प बसला. आता आयला घ्या. आईला... काय? आणि कोणाच्या आईला? इथे वाक्याचं डोकंही गेलंय आणि शेपूटही. हे दोन तुकडे शेजारी ठेवले की हात्तिच्यायला तयार होतं, जे आजही ऐकू येतं. म्हणजे एकाच शिवीवर दोन वेगवेगळ्या ठिकाणी कात्री चालवलीय, एकाने आई यायच्या आधी कापलं आणि दुसऱ्याने आई आल्यावर.

मधला तुकडा म्हणजे च्यायला. तिच्या आईला, मग तिच्यायला, मग च्यायला. यात काय काय गळालं ते बघा. जिची आई ती व्यक्ती गेली, तिचा फक्त षष्ठीचा प्रत्यय शिल्लक राहिला, च्या. आई राहिली, तिला लागलेला ला राहिला, आणि ज्या क्रियापदामुळे ही शिवी होती ते क्रियापद पूर्ण गायब. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटून असतात त्यामुळे हे जमतं, क्रियापद गिळलं तरी आईचं काहीतरी होणार होतं एवढं त्या ला वरून कळतं, आणि कोणी पकडलंच तर मी कुठे काय म्हणालो असं म्हणायची सोय. माझ्या मते सौम्य शिवीचं सगळं कौशल्य या दोन गोष्टींत आहे, ऐकू यायला हवी आणि नाकारताही यायला हवी.

आता मजा बघा, इंग्रजांनी अगदी हीच करामत चारशे वर्षांपूर्वी केली होती. त्यांच्याकडे तेव्हा आईवरून नाही, देवावरून शपथा घालायचे. देवाच्या जखमा, देवाचं रक्त, असं. गॉड्स वूंड्स यातला गॉड गिळला, मागे राहिला तो नुसता प्रत्ययाचा स, तो पुढच्या शब्दाला चिकटला आणि झालं झाउंड्स. गॉड्स ब्लडचं झालं स्ब्लड. म्हणजे मालक गायब आणि षष्ठीचा प्रत्यय तेवढा लोंबकळतोय. आपला च्या आणि त्यांचा स, दोघांची जात एकच! याच कुळातलं ब्लायमी, म्हणजे देव मला आंधळा करो, त्यातलाही देव असाच गळून पडलाय.

पण ही पळवाट तेव्हा पुरली नाही. 1606 मध्ये इंग्लंडमध्ये नाटकवाल्यांना आवर घालणारा कायदा आला. रंगमंचावर देवाचं, ख्रिस्ताचं किंवा पवित्र आत्म्याचं नाव थट्टेने किंवा अपवित्रपणे घेतलं तर प्रत्येक वेळी 10 पौंड दंड, त्यातला अर्धा राजाला आणि अर्धा जो कोर्टात खेचेल त्याला. म्हणजे प्रेक्षकांत बसलेल्या कोणालाही कान टवकारून ऐकण्यात कमाई होती. छापलेल्या पुस्तकाला हा कायदा लागू नव्हता, फक्त रंगमंचावरच्या बोलण्याला होता, तरी त्याचा परिणाम छापलेल्या संहितांतही दिसतो. शेक्सपिअरचं ऑथेल्लो दोनदा छापलं गेलं, एकदा 1622 मध्ये सुटं आणि मग 1623 मध्ये त्याच्या नाटकांच्या मोठ्या संग्रहात. 1622 च्या प्रतीत पहिल्याच प्रवेशात इयागो म्हणतो, स्ब्लड, पण तुम्ही माझं ऐकतच नाही! 1623 च्या प्रतीत तेच वाक्य आहे, पण स्ब्लड नाही. थोडं पुढे तो डेस्डेमोनाच्या बापाला झोपेतून उठवतो आणि ओरडतो, झाउंड्स सर, तुमच्याकडे चोरी झालीय! दुसऱ्या प्रतीत नुसतं, सर, तुमच्याकडे चोरी झालीय. वाचून बघा, रात्रीबेरात्री बोंबलणारा माणूस एकदम पोस्टमन झाल्यासारखा वाटतो.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की कापलेला शब्द आधीच सौम्य केलेला होता, देव त्यात उघड नव्हताच. तरी तो कापावासा वाटला, कारण तेव्हाच्या कानाला झाउंड्समध्ये देव अजून स्पष्ट ऐकू येत होता. आज तोच शब्द जुन्या काळचं काहीतरी गमतीशीर म्हणून चालतो. शब्द तोच, मूळही तेच, मधलं अंतर वाढलं एवढंच.

कात्रीखेरीज दुसरी पद्धत म्हणजे ऐनवेळी वळण घेणं. आईच्या गावात हे त्याचं आपल्याकडचं अस्सल उदाहरण. आईच्या म्हटलं की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि मग येतं काय तर गावात! एकदम एसटीने गेल्यासारखं. ही युक्ती जगभर आहे आणि तिचा नियम साधा आहे, पहिला आवाज तोच ठेवायचा आणि पुढे भलतीकडे जायचं. याचं कारणही सरळ आहे, ठेच लागली की शिवी विचार करून येत नाही, ती आपोआप तोंडात आलेली असते, ओठ त्या अक्षराला लागलेले असतात आणि तेवढ्यात दिसतं की समोर सासूबाई आहेत. आता मागे जाता येत नाही, मग त्याच अक्षराचा दुसरा शब्द. म्हणून इंग्रजीत डॅमचं डार्न होतं, हेलचं हेक होतं. स्पॅनिश माणूस विष्ठेचा शब्द सुरू करतो आणि मिएर्कोलेस म्हणतो, म्हणजे बुधवार. फ्रेंच माणूस त्याच वस्तूचा त्यांच्यातला शब्द सुरू करतो आणि मेर्क्रेदी म्हणतो, म्हणजे तोही बुधवारच! बुधवाराने कोणाचं काही वाकडं केलेलं नाही, दोन्हीकडे त्या शिवीची आणि त्या वाराची सुरुवात सारखी पडते एवढाच त्याचा गुन्हा.

आणि वळून लोक जातात कुठे, तर बऱ्याचदा थेट स्वयंपाकघरात. रशियन माणूस वेश्येच्या शब्दाऐवजी ब्लिन म्हणतो, तो त्यांचा पातळ धिरड्यासारखा प्रकार. इटालियन माणूस काव्होलो म्हणतो, म्हणजे कोबी. आपली कॉलेजातली पोरं उठताबसता भेंडी म्हणतात, आणि ती भाजीबद्दल बोलत नसतात हे इथे सगळ्यांना माहितीये, ज्यांना माहीत नाही त्यांनी शेजारच्याला विचारू नका, निदान आत्ता नको. खाण्याचे शब्द बरे पडतात कारण ते रोजचे, लहान मुलांनाही येणारे आणि पूर्ण निष्पाप असतात, पकडलं तर आई भाजी काय आहे असं म्हणता येतं.

फ्रेंचांनी देवाच्या बाबतीत मात्र उलटं केलं. पार द्यूचं पारब्लू झालं, इथे शेवटचा नाद राखला आणि सुरुवात बदलली. देवाऐवजी निळा रंग आला. तिथलंच एक किस्सावजा उदाहरण सांगतात, राजा चौथा हेन्री याला देवाला नाकारतो अशी शपथ घालायची खोड होती, तर त्याचा धर्मगुरू पिएर कोतों म्हणाला की महाराज, नाकारायचंच असेल तर मला नाकारा. त्यावरून जार्निकोतों हा उद्गार आला म्हणतात. शिवीच्या जागी स्वतःचं नाव देणारा माणूस विरळाच.

आता या शब्दांचं पुढे काय होतं? काही इतके झिजतात की मूळ कोणाला आठवतच नाही. आपला शिंच्या घ्या. कोकणातले आजोबा नातवाला, अरे शिंच्या, इकडे ये म्हणतात आणि त्यात नुसती माया असते. पण शिंच्या हा शिंदळीच्याचा आकसलेला अवतार आहे, आणि शिंदळ म्हणजे व्यभिचारी बाई. म्हणजे आजोबा प्रेमाने जे म्हणतायत ते खरं तर स्वतःच्याच सुनेबद्दल किंवा लेकीबद्दल होतं! मधली अक्षरं गेली तसा अपमानही गेला. आयलाही त्याच वाटेवर आहे बहुतेक. च्यायलामध्ये अजून चीड ऐकू येते, पण आयला काय भारी दिसतेयस हे कौतुक असतं. एकाच मुळाच्या दोन रूपांपैकी जास्त कापलेलं रूप जास्त गोड झालंय. तरी काही घरांत आयलालाही ओरडा बसतो, आणि मला त्यात चूक वाटत नाही, ज्यांच्या कानाला आई ऐकू येते त्यांना ती येतेच.

आता कोणी म्हणेल की अर्थ तोच, मग मूळ आणि बदली शब्दात फरक काय? फरक अंगावर मोजता येतो. 2011 मध्ये ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या संशोधकांनी लोकांना शिव्या आणि त्यांचे सभ्य पर्याय मोठ्याने वाचायला लावले आणि त्वचेवर किंचित घाम येतो तो मोजला. खऱ्या शिवीला शरीर जास्त दचकलं, पर्यायाला कमी, दोघांचा अर्थ सारखाच असून. म्हणजे धक्का अर्थात कमी आणि त्या विशिष्ट आवाजात जास्त बसलेला असतो, आणि म्हणूनच आवाज थोडा मोडला की तो निवतो.

पण धक्का निवला की फायदाही जातो का? 2020 मध्ये कील विद्यापीठात लोकांना बर्फगार पाण्यात हात बुडवून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितलं. इंग्रजीतली ती प्रसिद्ध शिवी म्हणणाऱ्यांना साध्या शब्दाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश जास्त वेळ हात ठेवता आला. दोन शब्द मुद्दाम नवे घडवले होते, फाउच आणि ट्विझपाइप. पहिला लोकांना जरा भावनेचा वाटला, दुसरा विनोदी वाटला, पण दुखणं दोन्हींनी कमी झालं नाही. अर्थात हे शब्द प्रयोगापुरते जन्मलेले, ते आयलासारखे लहानपणापासून कानावर पडलेले नव्हते, त्यामुळे हा निकाल आयलाला लगेच लावू नका. पण अंगठा दारात सापडला आणि आजूबाजूला कोणी नसेल, तर भेंडीपाशी थांबायचं काही कारण नाही.