दुसरी दिवाळी ओळखायची कशी?

(दृश्य: कृष्णधवल चित्र. नाश्त्याचं टेबल, जवळ बसलेलं तरुण जोडपं.)

ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’, साल १९४१. वर्तमानपत्राचा मालक केन आणि एमिली यांचं नुकतंच लग्न झालंय. रात्रभर पार्ट्या करून दोघं नाश्त्याला बसलीत आणि त्याचा तिच्या कौतुकाचा पाढा चालू आहे. यानंतर जेमतेम अडीच मिनिटांत हा संसार आपल्या डोळ्यांदेखत विटतो.

त्यात काही वर्षं जातात, पण पडद्यावर एकही तारीख येत नाही. दिसतात ते फक्त सहा छोटे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात तोच नाश्ता. असे छोटे तुकडे जोडून मोठा काळ थोडक्यात ओलांडायचा, याला मॉन्टाज म्हणतात. आधी लाडीगोडी, मग ‘तू ऑफिसातून इतक्या उशिरा का येतोस’, मग त्याच्या वर्तमानपत्रातल्या मजकुरावरून खटका. पुढे वाक्यं तुटक होत जातात. शेवटच्या तुकड्यात कुणीच बोलत नाही. तो स्वतःचं वर्तमानपत्र वाचतोय आणि ती त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं. कॅमेरा मागे येतो, तेव्हा दोघांमध्ये केवढं टेबल पसरलंय ते कळतं.

(दृश्य: दोन तुकड्यांमधली फरफटलेली प्रतिमा, सावकाश गतीत.)

दोन तुकड्यांच्या मध्ये कॅमेरा झपकन बाजूला वळतो आणि चित्र फरफटतं. याला विप पॅन म्हणतात. तो दरवेळी तसाच येतो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपर्यंत प्रेक्षकाला खूण पटलेली असते: चित्र फरफटलं की काळ पुढे सरकला. बर्नार्ड हरमनचं संगीतही एकच वॉल्ट्झची धून घेऊन दर तुकड्यात तिचा रंग पालटतं. म्हणजे जागा, प्रसंग आणि धून न बदलणारी. बदलतात कपडे, चेहरे, बोलण्याचा सूर. आणि हे सगळं एकाच दिशेने, दुराव्याकडे.

आता आपल्याकडचा एक प्रसंग घेऊ.

(दृश्य: अभ्यासिका. ट्यूबलाइट, ओळीने टेबलं. एका टेबलाशी मुलगा.)

बारा मिनिटांची शॉर्टफिल्म. गावाकडून पुण्याला एमपीएससीच्या तयारीसाठी आलेला मुलगा. दोन वर्षं अभ्यासिकेत जातात, पहिला अटेम्प्ट हुकतो, आणि कथेला ही दोन वर्षं अर्ध्या मिनिटात ओलांडायची आहेत. सहसा सुचतं ते असं: पुस्तकाचं पान उलटतं, चहाचा ग्लास, घड्याळ, खिडकीबाहेर पाऊस, मेसचं ताट, पुन्हा पुस्तक. शॉट सुरेख असतात, पण पाहणाऱ्याला वाटतं की एकाच दिवसाची ही धावपळ आहे. घड्याळ तर हमखास घात करतं, कारण ते तास मोजतं. दोन वर्षांच्या मॉन्टाजमध्ये त्याचं काम नाही.

मग दिग्दर्शक ऋतूंकडे वळतो. रेनकोट, आकाशकंदील, स्वेटर, गरगरणारा पंखा. मराठी प्रेक्षक या खुणा क्षणात वाचतो. कंदील दिसला की दिवाळी, वेगळं सांगावं लागत नाही. पण ऋतू गोल फिरतात. पाऊस, कंदील, थंडी, उन्हाळा, पुन्हा पाऊस, पुन्हा कंदील असं लावलं, तर दुसरा कंदील पाहून निम्मे लोक म्हणतील, ‘अरे, हा मघाचाच ना?’ वर्ष फिरून आलं हे कंदील एकट्याने सांगू शकत नाही. त्याच्यासोबत मागे न फिरणारी एखादी गोष्ट लागते, नुसती वाढत जाणारी किंवा नुसती झिजत जाणारी.

(दृश्य: टेबलावरचा काचेचा ग्लास, त्यात दोन रिकाम्या रिफिल.)

इथे ती गोष्ट आहे बॉलपेनच्या संपलेल्या रिफिलचा ग्लास. पहिल्या पावसात त्यात दोन रिफिल. पहिल्या कंदिलाच्या वेळी मूठभर. दुसऱ्या कंदिलाच्या वेळी ग्लास काठोकाठ भरलेला आणि शेजारी दुसरा ग्लास सुरू झालेला. आता दुसरी दिवाळी दुसरीच वाटते. कंदील वेगळ्या रंगाचा घेतला तर उत्तमच. आणि शेजारच्या खुर्चीतला मित्र मध्येच दिसेनासा होऊन तिथे नवा मुलगा बसला, तर काळाबरोबर कथाही पुढे सरकते. मला विचाराल तर रिफिलपेक्षा ही खुर्ची जास्त बोलते.

(दृश्य: ट्रायपॉडच्या पायांभोवती जमिनीवर लावलेली चिकटपट्टी.)

न बदलणारी बाजू सांभाळतो कॅमेरा. ट्रायपॉडची जागा, उंची, लेन्स कायम. फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा करायच्या, कारण मधल्या जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी ट्रायपॉड हलवतोच. चौकट तीच राहिली की प्रेक्षकाची नजर आपोआप बदललेल्या गोष्टीवर जाते. पण तो बदल ठसठशीत हवा. दोन शॉटमध्ये फक्त शर्ट बदलला, तर तो पुढचा दिवस वाटतो किंवा चक्क संकलनातली चूक. शर्ट, दाढी, ग्लास आणि बाहेरचा उजेड असं किमान तीन-चार गोष्टींनी मिळून बदलायला हवं.

हे सगळं बहुधा एकाच दिवसात चित्रित होतं, त्यामुळे क्रम उलटा लावतात. नटाने आधीच दाढी वाढवून यायचं. सर्वांत वाढलेल्या दाढीचा शॉट पहिला, मग थोडी छाटून आधीचे महिने, आणि गुळगुळीत चेहऱ्याचा पहिला दिवस सगळ्यात शेवटी. ग्लासही भरलेल्यापासून रिकामा करत न्यायचा. कुठल्या शॉटला कोणता शर्ट, किती रिफिल, शेजारी कोण, याचा तक्ता हाती नसेल तर संध्याकाळपर्यंत हमखास घोळ होतो.

(दृश्य: संकलनाची टाइमलाइन. पहिला तुकडा लांब, पुढचे आखूड, शेवटचा पुन्हा लांब.)

संकलनात पहिला शॉट चार-पाच सेकंद ठेवा, कारण त्यातच प्रेक्षक टेबल, ग्लास आणि शेजारची खुर्ची ओळखून घेतो. दुसरा साधारण तीन सेकंद. एवढ्यात नियम कळतो, म्हणून पुढचे दीड-दोन सेकंदांवर आणले तरी चालतात. एक चित्र विरत दुसऱ्यात मिसळणाऱ्या डिझॉल्व्हचा मोह मात्र आवरा. चौकट तीच आणि माणूसही त्याच जागी असेल, तर दोन चेहरे एकमेकांवर चढून भुतासारखे दिसतात. इथे साधा कट स्वच्छ वाटतो.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो बाहेर पडताना. मॉन्टाज संपलंय हे कळलं नाही, तर पुढचा खरा प्रसंगही प्रेक्षक आणखी एक तुकडा म्हणून पाहतो. ‘सिटिझन केन’मध्ये केनचा एक म्हातारा मित्र ही हकिकत सांगत असतो आणि ती संपताच आपण पुन्हा त्याच्याकडे येतो. आपल्याकडे निवेदक नाही, तर हे काम आवाजाकडून करून घ्यायचं. मॉन्टाजभर फक्त संगीत. शेवटच्या शॉटवर ते थांबतं, पंख्याची घरघर ऐकू येते, शॉट लांबतो, आणि शेजारचा नवा मुलगा विचारतो, ‘दादा, तुमचा कितवा अटेम्प्ट?’ ‘दुसरा.’ दोन वर्षांचा हिशोब इथे पक्का होतो. ‘दोन वर्षांनंतर’ अशी पाटी लावली तरी काही बिघडत नाही, पण ती नुसता आकडा देते; खुर्ची रिकामी झाल्याचं तिला सांगता येत नाही.

(दृश्य: लॅपटॉपसमोर बसलेली एक व्यक्ती.)

तपासायचं ते कथा न वाचलेल्या माणसाला दाखवून. आवाज बंद, फक्त हे अर्धं मिनिट, आणि प्रश्न एकच: किती काळ गेला? ‘दीड-दोन वर्षं’ असं उत्तर आलं तर पुढे जा. ‘एक वर्ष’ आलं तर दुसरा कंदील पहिल्यात मिसळलाय. त्या शॉटमध्ये ग्लास पुढे आणा आणि शॉट अर्धा सेकंद वाढवा. आणि ‘परीक्षेची आदली रात्र आहे का?’ असं कुणी विचारलं, तर चहा आणि घड्याळाचे शॉट अजून कुठेतरी राहिलेत.