आरोग्य विम्याच्या पोस्टखाली काय लिहावे?

नमस्कार श्रोतेहो. विमा प्रतिनिधी हल्ली व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर आरोग्य विम्याविषयी पोस्ट टाकतात. त्या पोस्टखालच्या मजकुरात नेमके काय असावे, ते आज बोलू. तुम्ही प्रतिनिधी असाल तर ते लिहायला उपयोगी पडेल. ग्राहक असाल, तर पुढे आलेल्या पोस्टवर किती विसंबायचे ते ठरवता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे एका पोस्टमध्ये एकच मुद्दा घ्यावा. आपण खोलीभाड्याची मर्यादा घेऊ, कारण डिस्चार्जच्या वेळी पुष्कळदा वाद होतो तो याच अटीवरून. पुष्कळ पॉलिसींमध्ये दिवसाचे खोलीभाडे विमा रकमेच्या 1 टक्क्यापर्यंतच मिळते. म्हणजे 5 लाखांच्या पॉलिसीत दिवसाला 5 हजार. आता रुग्णाने 8 हजारांची खोली घेतली आणि 4 दिवस राहिला, असे धरा. वरचे 3 हजार रोज खिशातून जातील, एवढेच लोकांना वाटते. पण पॉलिसीत प्रमाणशीर कपातीची अट असेल, तर डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे आठातले पाच भागच, मंजूर होतात. कारण बऱ्याच रुग्णालयांत खोलीचा दर्जा वाढला की हे दरही वाढतात.

हिशोब करून पाहू. खोलीचे 32 हजार, डॉक्टर आणि थिएटर वगैरेचे 1 लाख 20 हजार, औषधे आणि तपासण्यांचे 48 हजार, असे एकूण बिल 2 लाखांचे. खोलीपोटी मिळतील 20 हजार. 1 लाख 20 हजारांचे मिळतील 75 हजार. औषधे आणि तपासण्यांना ही कपात लावता येत नाही, त्यामुळे ते 48 हजार पूर्ण धरू. बेरीज झाली 1 लाख 43 हजार. उरलेले 57 हजार घरच्यांनी भरायचे, आणि तेही विमा रक्कम 5 लाख शिल्लक असताना! सगळ्या खोल्यांना उपचाराचे दर सारखेच असतील, तर डॉक्टर आणि थिएटरच्या खर्चावर ही कपात लागत नाही. म्हणून दाखल होतानाच रुग्णालयाच्या विमा कक्षात तेवढे विचारून घ्यावे.

आता हेच पोस्टखाली लिहू या. मजकूर असा:

“तुमच्या आरोग्य विम्यात रोजच्या खोलीभाड्याला मर्यादा आहे का? मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली, तर काही पॉलिसींमध्ये डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचा खर्चही कमी मंजूर होतो. पॉलिसीसोबत मिळालेले ग्राहक माहितीपत्रक उघडा आणि खोलीभाड्याची ओळ वाचा. समजले नाही तर विचारा, समजावून सांगेन. नवी पॉलिसी घ्यायलाच हवी असे नाही. ही माहिती सर्वसाधारण आहे. प्रत्येक पॉलिसीच्या अटी वेगळ्या असतात. जोखीम घटक, अटी व शर्ती यांच्या तपशिलासाठी खरेदीपूर्वी विक्री माहितीपत्रक काळजीपूर्वक वाचा.”

खाली प्रतिनिधीचे नाव, परवाना क्रमांक आणि विमा कंपनीचे नाव. एखाद्या योजनेचे नाव घेतले, तर तिचा यूआयएन, म्हणजे विमा नियामकाकडचा ओळख क्रमांकही द्यायचा. करसवलतीचा उल्लेख आला, तर ती कर कायद्यातील बदलांच्या अधीन आहे हेही लिहायचे. पोस्ट मराठीत असेल तर माहितीपत्रक वाचण्याची सूचनाही मराठीतच हवी, आणि वाचता येईल अशा अक्षरात. मोठ्या फोटोच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरात टाकलेली सूचना कुणाच्याही कामाची नाही. आणि पोस्ट टाकण्याआधी मसुदा कंपनीकडे पाठवून लेखी मंजुरी घ्यावी. स्वतः बनवलेली जाहिरात मंजुरीविना फिरवली, तर परवान्यावर येऊ शकते.

“आज शेवटचा दिवस”, “शंभर टक्के क्लेम मिळणारच”, अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचा फोटो, “पहिला हप्ता मी भरतो” हे सगळे टाळायचे. क्लेम अटींवर ठरतो, त्याची हमी प्रतिनिधी देऊ शकत नाही. हप्त्यात सूट किंवा कमिशनचा वाटा देणे तर विमा कायद्याच्या कलम 41 नुसार बेकायदेशीर आहे. घाईत पॉलिसी घेतलेल्या ग्राहकाने हे लक्षात ठेवावे, की कागदपत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. वैद्यकीय तपासणी, मुद्रांक शुल्क आणि तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाचा खर्च वजा होऊन पैसे मिळतात.

पोस्टखाली कुणी विचारले, “मला मधुमेह आहे, विमा मिळेल का?”, तर तिथेच आजाराची चौकशी करू नये. “आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त 36 महिन्यांची प्रतीक्षा असू शकते, तुमच्याशी फोनवर बोलतो,” एवढे उत्तर पुरे. आणि फोनवर पहिल्यांदा हेच सांगावे, की मधुमेह प्रस्ताव अर्जात लिहायचा, लपवायचा नाही.