चाळीस हजारांची महापालिका आणि पावणेतीन लाखांची नगरपरिषद

मंडळी, सुरुवातीला दोन गावं सांगतो. एक आपली इचलकरंजी. 2011 च्या जनगणनेत इथं 2,87,353 माणसं मोजली गेली, आणि 2022 पर्यंत इथं नगरपरिषद होती. दुसरं पणजी. त्याच जनगणनेत पणजी शहराची लोकसंख्या होती 40,017, आणि तिथं महापालिका आहे. सात पट मोठ्या गावाला नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी, तर लहान गावाला महापौर आणि आयुक्त. गंमत म्हणजे गोव्यातच मडगाव आणि मुरगाव ही दोन्ही शहरं पणजीच्या दुप्पट आहेत, तरी तिथं नगरपालिकाच आहेत.

मी आयुष्यभर नगरपालिकांच्या कचेऱ्यांत काम केलं. लोक येऊन विचारायचे, "साहेब, कायद्यात किती लोकसंख्येला काय मिळतं, ते एकदा सांगा." मी विचारायचो, "कुठल्या राज्याच्या कायद्यात?"

कारण घटनेत आकडा नाही. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली. तिनं आणलेल्या 243-क्यू या अनुच्छेदात तीन पायऱ्या आहेत. गावातून शहर होऊ घातलेल्या भागाला नगरपंचायत, लहान शहराला नगरपरिषद आणि मोठ्या शहराला महानगरपालिका. पण लहान कुठं संपतं आणि मोठं कुठं सुरू होतं, हे राज्यपालांनी, म्हणजे व्यवहारात राज्य सरकारनं, ठरवायचं. लोकसंख्या, तिची दाटी, स्थानिक उत्पन्न, शेतीबाहेरचा रोजगार, आर्थिक महत्त्व आणि 'इतर बाबी' पाहून. या 'इतर बाबी' फार कामाला येतात. पणजी राजधानी आहे, एवढं म्हटलं की पुढचं समजून घ्या.

महाराष्ट्रानं मात्र आकडे लिहून ठेवले आहेत. 10 हजार ते 25 हजारांपर्यंत नगरपंचायत. 25 हजारांच्या वर नगरपरिषद. नगरपरिषदांमध्ये पुन्हा तीन वर्ग: 40 हजारांपर्यंत क वर्ग, त्यापुढे 1 लाखापर्यंत ब वर्ग, आणि लाखाच्या वर अ वर्ग. 3 लाखांपासून महानगरपालिका. म्हणजे पणजी आपल्याकडे असती, तर सतरा माणसांच्या जोरावर क वर्गातून ब वर्गात गेली असती. एवढंच.

आता इथून गाडी काढली की निपाणी. मराठी बोलणारं, पण कर्नाटकातलं गाव. 2011 ची लोकसंख्या 62,865. आपल्या हिशेबानं ब वर्ग नगरपरिषद. कर्नाटकाचा जिना वेगळा आहे: 10 ते 20 हजारांना पट्टण पंचायत, 20 ते 50 हजारांना पुरसभा, 50 हजार ते 3 लाखांना नगरसभा. म्हणून निपाणीत नगरसभा. सीमेच्या या बाजूला जे गाव मधल्या वर्गात बसलं असतं, ते त्या बाजूला महापालिकेच्या लगेच खालच्या पायरीवर आहे.

नुसतं डोकी मोजून भागत नाही, हेही लक्षात ठेवा. नगरपरिषदेसाठी आपल्या कायद्यात दुसरी अट आहे: काम करणाऱ्यांपैकी निदान 35 टक्के लोक शेतीबाहेरच्या कामात असले पाहिजेत. हे मोजायचं कसं? जनगणनेत कामगारांचे चार गट असतात: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगवाले आणि बाकीचे. समजा एका मोठ्या गावात 12,000 लोक काम करतात. त्यात 4,500 शेतकरी आणि 3,900 शेतमजूर. म्हणजे शेतीत 8,400 आणि शेतीबाहेर 3,600. हे झाले 30 टक्के. गावाची लोकसंख्या 28 हजार असली तरी प्रस्ताव अडकला. आकडेवारी जुनी असेल तर आणखी पंचाईत होते. गावाबाहेर कारखाना येऊन दहा वर्षं झालेली असतात, माणसं शिफ्टला जात असतात आणि कागदावर ती अजून शेतमजूरच असतात.

या जिन्याची दुसरी गंमत अशी की खाली कुणी उतरत नाही. वेंगुर्ल्याची लोकसंख्या बारा हजारांच्या घरात आहे. आजच्या मोजपट्टीनं ती नगरपंचायत व्हावी. पण तिथली नगरपालिका ब्रिटिश काळातली, आणि जुन्या नगरपालिकांचा दर्जा कायद्यानं तसाच ठेवला. थंड हवेच्या ठिकाणांना तर लोकसंख्येची अटच लावलेली नाही. माथेरानमध्ये 2011 ला साडेचार हजारही माणसं नव्हती, तरी ती नगरपरिषद आहे. आणि 2014 नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या सरसकट नगरपंचायती करण्याचं धोरण आलं, तेव्हा दहा हजारांची खालची हदही बाजूला राहिली.

आता तुमच्या गावाकडे येतो. लोकसंख्या म्हणजे कोणती, याची व्याख्या घटनेतच आहे: शेवटच्या जनगणनेचे जे आकडे प्रसिद्ध झाले, ते. मतदारयादी नाही, आधार नाही, पाणीपट्टीच्या खात्यांवरून काढलेला अंदाजही नाही. 2021 ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे 2022 मध्ये इचलकरंजी महापालिका झाली आणि 2023 मध्ये जालना, तेव्हा हाताशी 2011 चेच आकडे होते. जालन्याचा 2,85,577. दोन्ही 3 लाखांच्या आत. दोन्ही शहरं मधल्या अकरा-बारा वर्षांत वाढली, हे डोळ्यांना दिसतं. पण मोजलेला आकडा उंबऱ्याच्या अलीकडचा होता, हेही खरं.

त्याचा परिणाम पुढे गणितात दिसतो. महापालिकेच्या नगरसेवकांची संख्या लोकसंख्येवर ठरते. 3 लाखांना कमीत कमी 65, आणि त्यावर दर 15 हजारांना एक. इचलकरंजीचा नोंदलेला आकडाच 3 लाखांखाली, त्यामुळे वाढीव जागेचा प्रश्नच नाही, 65 वर थांबलं. जालन्यातही 65. नगरपरिषद असताना इचलकरंजीत 62 नगरसेवक होते. एवढा गाजावाजा करून सभागृहात खुर्च्या वाढल्या तीन! (हशा) हसू नका; बदल खुर्च्यांत नव्हता. मुख्याधिकाऱ्याच्या जागी आयुक्त आले, 1965 च्या नगरपरिषद कायद्यातून शहर 1949 च्या महापालिका कायद्यात गेलं, आणि लोकांनी थेट निवडायचा नगराध्यक्ष जाऊन नगरसेवकांनी निवडायचा महापौर आला. हा शेवटचा फरक सामान्य मतदाराच्या पटकन ध्यानात येत नाही. महापालिका झाली की तुमच्या हातातलं एक मत कमी होतं.

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे: "जनगणनेत आमचं गाव पहिल्या वर्गातलं शहर लिहिलंय, मग अ वर्ग का नाही?" हा घोटाळा नेहमी होतो. जनगणना खातं स्वतःच्या सोयीसाठी शहरांचे सहा वर्ग पाडतं आणि 1 लाख किंवा जास्त लोकसंख्येचं शहर पहिल्या वर्गात घालतं. त्याचा नगरपरिषदेच्या दर्जाशी संबंध नाही. त्याच खात्याच्या भाषेत 'जनगणना शहर' असाही प्रकार आहे: 5 हजार लोकसंख्या, चौरस किलोमीटरला 400 माणसांची दाटी आणि 75 टक्के पुरुष कामगार शेतीबाहेर. अशी कितीतरी गावं जनगणनेत शहर असतात आणि कारभारात ग्रामपंचायत. दर्जा बदलायचा तर राजपत्रात राज्य सरकारची अधिसूचना यावी लागते. तुमच्या गावाच्या नावाची ती अधिसूचना शोधा, वर्ग तिथं सापडेल.

नवी जनगणना 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख धरून व्हायची आहे. तिचे आकडे प्रसिद्ध झाले की 40 हजार, 1 लाख आणि 3 लाख या तीन रेघांच्या आसपासची सगळी गावं आपापले कागद काढून बसतील. इचलकरंजीला तेव्हा पहिल्यांदा कळेल, की आपण 65 च्या पुढे किती नगरसेवकांचे धनी आहोत.