कॉर्नफ्लोअर, आरारूट की बेसन? दुसऱ्या दिवशी कळतं

(गॅसवर तीन छोटी पातेली, तिन्हीत टोमॅटो सूप)

तीन पातेल्यांत एकच सूप आहे, टोमॅटो उकडून, मिक्सरला फिरवून, गाळून घेतलेलं, प्रत्येकात साधारण पाव लिटर. दाटपणा मात्र वेगवेगळ्या गोष्टींनी आणायचाय, पहिल्यात कॉर्नफ्लोअर, दुसऱ्यात आरारूट आणि तिसऱ्यात बेसन. आज खाल्लं तर तिन्ही ठीकच लागेल हो, खरी गंमत उद्या आहे, फ्रीजमधून काढून गरम करताना.

कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्यातला फक्त स्टार्च. पिवळं मक्याचं पीठ वेगळं, त्यात गोंधळ नको. दोन छोटे चमचे घेऊन ते गार पाण्यात कालवायचं, कारण गरम सुपात कोरडं टाकलं की गोळीच्या बाहेरचा थर लगेच शिजतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं, मग कितीही ढवळा, गुठळी फुटत नाही. कालवलेलं ओतलं की ढवळत राहायचं, बुडबुडे यायला लागले की मिनिटभर उकळू द्यायचं. या मिनिटात स्टार्चचे दाणे पाणी पिऊन फुगतात, सूप दाट होतं आणि पिठाची कच्चट चवही जाते. टोमॅटोचा आंबटपणा हा दाटपणा हळूहळू मोडतो, म्हणून हे सगळं शेवटी करायचं, आधी घालून अर्धा तास उकळत ठेवायचं नाही.

आरारूट त्याहून लवकर दाट होतं, उकळी यायच्या आधीच. आणि बघा, रंग किती स्वच्छ राहिलाय, टोमॅटोचा लाल तसाच चमकतोय, कॉर्नफ्लोअरवाल्यावर मात्र जरा दुधाळ झाक आलीय. पण दाट झालं की लगेच गॅस बंद, कारण आरारूटला जास्त उकळी आणि जास्त ढवळणं सोसत नाही. दुधाच्या किंवा क्रीमच्या ग्रेव्हीत तर मी ते घालतच नाही, बुळबुळीत होतं.

बेसनाची गोष्टच वेगळी. ते आख्ख्या डाळीचं पीठ, त्यात स्टार्चबरोबर प्रोटीन आणि चोथाही आहे, म्हणून तेवढ्याच दाटपणाला जवळपास दुप्पट लागतं आणि निदान दहा मिनिटं तरी शिजवावं लागतं. झालं की नाही ते नाकाला कळतं, कच्चा वास गेला पाहिजे. सुपाचा रंग मातकट होतो आणि चव सुपापेक्षा साराकडे झुकते, मला ती आवडते, पण हॉटेलसारखं सूप हवं असेल तर हे नव्हे.

(दुसरा दिवस. फ्रीजमधून तीन वाट्या)

आता बघा. कॉर्नफ्लोअरवालं जेलीसारखं थिजलंय आणि कडेने पाणी सुटलंय. गार झाल्यावर स्टार्चचे धागे पुन्हा एकमेकांना चिकटतात आणि मधलं पाणी बाहेर ढकलतात. मंद आचेवर हलकं ढवळलं की बरंचसं जुळून येतं, थोडं पातळ वाटलं तर अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर नव्याने कालवून घालायचं आणि एक उकळी काढायची. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका, स्पंजासारखं होतं.

आरारूटवालं वाटीत छान दिसतंय, गुळगुळीत, पाणीही फारसं सुटलेलं नाही. पण गॅसवर ठेवून खळखळून उकळलं की काय होतं बघा, पळीवरून पाण्यासारखं ओघळतंय, कालचा दाटपणा गेला आणि तो ढवळून परत येणार नाही. म्हणून उद्यासाठी ठेवायचं असेल तर सूप आरारूट न घालताच फ्रीजमध्ये ठेवावं, दुसऱ्या दिवशी नीट उकळावं आणि वाढायच्या आधी ताजं आरारूट घालावं.

बेसनवालं सगळ्यात घट्ट, चमचा उभा राहील असं, रात्रीचं पिठलं सकाळी जसं होतं तसंच. पण सगळ्यात कमी त्रास देणारं हेच. कडकडीत पाणी थोडं थोडं घालत रवीने घुसळलं की मोकळं होतं, उकळलं तरी दाटपणा जात नाही. लक्ष फक्त बुडाकडे, कारण लागतं पटकन. कढीत आपण बेसन घालतो तेही नुसतं दाट व्हायला नाही, ताकात आधीच घुसळलेलं बेसन ताक फुटू देत नाही. तरी शिळी कढी गरम करताना आच मंदच ठेवायची, कडेने बुडबुडे दिसले की उतरवायची.

(वाटीत बुडवलेला चमचा, अगदी जवळून)

आणि एक, ज्याकडे कोणी लक्ष देत नाही. चव बघितलेला उष्टा चमचा परत भांड्यात गेला तर लाळेतलं एन्झाइम स्टार्च फोडतं, आणि रात्री दाट असलेली ग्रेव्ही सकाळी पातळ झालेली दिसते. आपण दोष कॉर्नफ्लोअरला देतो. चव बघायला थोडं तळहातावर घ्या, चमचा भांड्यात परत घालू नका.