पावसात बुडत नाही असा सिनेमा

मंडळी, पावसाळी संध्याकाळी घरी काय बघावं, हे मी आधी कानाला विचारतो. सर जोरात लागली की तिचा आवाज जाड-बारीक सगळ्या पट्ट्यांत पसरतो. त्यात आधी बुडतात ते हळू बोललेल्या शब्दांतले स, फ, त असे बारीक ध्वनी. मग आपण आवाज वाढवतो, आणि पुढच्याच प्रसंगात संगीत सुरू झालं की दचकतो. तोंडात कुरकुरीत तळण असेल तर आपल्याच चावण्याचा आवाज त्यात मिसळतो. म्हणून एक कुजबुज हुकली की धागा तुटतो असे रहस्यपट मी कोरड्या रात्रीसाठी ठेवतो.

अशा संध्याकाळी मी लावतो हायाओ मियाझाकींचा ‘माय नेबर टोटोरो’. 1988 चा जपानी ॲनिमेशनपट, दीड तासाच्या आतला. मूळ जपानीत, खाली शब्द वाचत बघा; मग पावसानं काही बुडवलं तरी हरकत नाही.

त्यातला बसथांब्याचा प्रसंग सांगतो. बाबा छत्री विसरून गेलेत, म्हणून सात्सुकी आणि तिची धाकटी बहीण मेई छत्री घेऊन थांब्यावर उभ्या आहेत. बस येते, पण बाबा त्यात नाहीत. अंधार पडतो, मेई पेंगते, सात्सुकी तिला पाठुंगळी घेते. मग शेजारी एक अवाढव्य केसाळ प्राणी येऊन उभा राहतो, डोक्यावर एवढंसं पान धरून. सात्सुकी बाबांची छत्री त्याला देते. झाडावरून एक थेंब छत्रीवर पडतो. टप्प! त्याचे डोळे विस्फारतात. आणखी थेंब पडतात, तो खूश होतो आणि जोरात उडी मारतो; त्या धक्क्यानं झाडावरचं सगळं पाणी एकदम छत्र्यांवर कोसळतं.

या प्रसंगात बोलणं फार थोडं आहे. मियाझाकींना इथे घाई नाही. वाट बघण्याचा वेळ ते पूर्ण देतात, आणि त्या वेळात थेंबाचा आवाज हीच घटना होते. तुमच्या खिडकीबाहेरचा पाऊस त्याला अडवत नाही, त्यात सामील होतो. पण हा सिनेमा नुसता गोड नाही. मुलींची आई रुग्णालयात आहे, आणि उत्तरार्धात ती काळजी दाटून येते. घरात कुणी आजारी असेल, तर लहान मुलांना एकट्यानं बघू देऊ नका, शेजारी बसा.

दीड तास नसेल तर ‘मिडनाइट डायनर’ ही जपानी मालिका लावा. रात्री बारा ते सकाळी सात उघडं असणारं छोटंसं खाणावळीचं दुकान, मोजकं बोलणारा मालक आणि येणारी-जाणारी माणसं. एक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा, आणि त्याचं नाव एखाद्या पदार्थाचं. उकळत्या भांड्याचा, चिरण्याचा आवाज त्यात सतत असतो. चहा आधीच करून घ्या. मध्ये उठलात तर नेमकं कुणाचं तरी ताट समोर आलेलं असतं, आणि ते ताट बघून त्या माणसाचा चेहरा कसा बदलतो, तेच तर बघायचं असतं.