मधाची धार: ती काय सांगते, काय सांगत नाही

(वेंगुर्ल्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

अध्यक्षमहाराज, आणि पंखा बंद पडूनही बसून राहिलेले श्रोतेहो,

पंख्याचं फार वाईट वाटून घेऊ नका, आपल्या विषयाला हा उकाडा पोषकच आहे. पत्रिकेत विषय छापलाय 'मधाच्या धारेचं भौतिकशास्त्र'. तिकडे मी येणारच आहे. पण भौतिकशास्त्र ही निवृत्त मास्तराची सवय, आणि मधमाश्या हे त्याचं व्यसन. व्यसनी माणूस आधी गाऱ्हाणं सांगतो. तेवढं ऐकून घ्या.

आमच्या वाडीत सातेरीच्या काही पेट्या आहेत. सातेरी म्हणजे पेटीत राहणारी आपली देशी माशी. आग्या पेटीत राहत नाही, तो उंच फांदीवर किंवा कड्याला लटकतो आणि जवळ गेलेल्याला पळवतो. तर त्या सातेरीचा मध मी मुंबईतल्या एका दुकानदाराला पाठवला. नाव सांगत नाही, माणूस सभ्य आहे. आठवड्यात त्याचा फोन आला. "सर, माल परत पाठवतोय." म्हटलं, का हो? "धार तुटते."

त्याच्याकडे एक परीक्षा होती. स्टुलावर उभं राहायचं, बाटली तिरकी करायची आणि खालच्या ताटलीत मध सोडायचा. धार सलग आली आणि खाली दोरीच्या वेटोळ्यासारखी गोल गोल रचत गेली तर मध शुद्ध. मधेच तुटली, खाली पसरली, तर पाणी मिसळलेलं. त्याच्या दुकानात गिऱ्हाईकंही ही परीक्षा करतात म्हणे, त्यासाठी एक स्टूल राखून ठेवलंय. मी विचारलं, दुकानात एसी आहे का? म्हणाला, "अर्थात." मग माझा मध कधी ओतलात? "पार्सल आलं तेव्हा, दुपारी, बाहेरच्या ओट्यावर." महिना मे. आणि ज्याच्याशी तुलना केली तो दुसरा मध आत, कपाटात. आता काय बोलणार!

परत आलेल्या बरण्या पाहून आमच्या शेजारच्या काकींनीही विचारलं, "गुरुजी, ह्यो मध पातळ कित्याक?" मी म्हटलं, काकी, लाडवांना पाक कसला करता? "दोनतारी." तो तारा धरतो, म्हणून त्याला मध म्हणता का? काकी गप्प झाल्या, कारण त्यांना मुद्दा कळला. दुकानदाराला अजून कळलेला नाही. नुसती साखर आणि पाणी आटवलं तरी बोटांच्या चिमटीत तार निघते. एकतारी पाकाचा दोनतारी होतो तो पाणी कमी झाल्यामुळे, साखरेच्या शुद्धतेशी त्याचा काहीच संबंध नसतो. धार एवढंच सांगते: द्रव किती दाट आहे. ती दाटी फुलातून आली की साखरेच्या पोत्यातून, हे धारेला ठाऊक नसतं.

दुकानदाराकडे आणखीही परीक्षा होत्या. मध पाण्याच्या ग्लासात सोडला की तळाशी बसतो. बसणारच, तो पाण्याच्या जवळपास एक पूर्णांक चार दशांश पट जड असतो. पण दाट पाकही बसतो. काडेपेटीची काडी मधात बुडवून पेटली तर शुद्ध, ही दुसरी. त्यात काडीचा गूल ओला झाला की नाही एवढंच कळतं. कुत्रा शुद्ध मध चाटत नाही, ही तिसरी. आमचा कुत्रा कुठलाही मध चाटतो. तो साबणही चाटतो, त्यामुळे त्याला तज्ज्ञ म्हणून बोलावू नये.

(हशा)

आता बघा. ही सातेरीच्या मधाची बरणी. बरणीत तो गडद, जवळजवळ गुळाच्या रंगाचा दिसतोय, कारण उजेडाला जाड थरातून यावं लागतं आणि वाटेत निळा रंग शोषला जातो. आता तिरकी करतो. काठावर आधी एक जाड जीभ आली, थोडी रेंगाळली, मग लोंबली. खाली जाताना बारीक होत गेली. तीच वस्तू धारेत बघा, फिकट सोनेरी झाली. मागच्या खिडकीचा उजेड आरपार येतोय. आत बारीक बुडबुडे अडकलेत, जागचे हलत नाहीत. खाली वेटोळी पडताहेत आणि पडल्या पडल्या एकमेकांत मुरताहेत. आता बरणी सरळ करतो. मागून पुरवठा थांबला, पण धार लगेच सुटली नाही. केसाएवढी झाली, मधेच तुटली, वरचं टोक आखडून काठाकडे गेलं. बरणी उचलताना जरा फिरवली की ते टोक काठालाच गुंडाळलं जातं आणि बाहेरून ओघळ येत नाही. वाढणाऱ्या बायकांना हे न शिकवता येतं.

मधाची धार इतकी टिकते का? द्रवाच्या कुठल्याही धारेला पृष्ठताण आवळत असतो. त्याला तिचे थेंब करायचे असतात. पाण्याची बारीक धार तो क्षणात थेंबांत तोडतो. मधातही तो तसाच आवळतो, पण आतले थर एकमेकांवरून सरकायला तयार नसतात, त्यामुळे तोडायचं काम मंद चालतं. तोपर्यंत धार ओढली जाऊन लांब होते. या नाखुशीलाच आपण श्यानता म्हणतो. उन्हाळी हवेतला साधारण मध पाण्याच्या काही हजार पट श्यान असतो. शेंगदाणा तेल साठ-सत्तर पट. म्हणून तेलाच्या बरणीचा काठ कधी कोरडा राहत नाही: ते पातळ, शिवाय त्याचा पृष्ठताणही कमी, मग ते काठावरून बाहेर वळून बरणीच्या अंगाला धरतं आणि फळीवर गोल डाग पाडतं.

गाऱ्हाण्याचा मुख्य भाग अजून राहिलाय. मधाची श्यानता दोन गोष्टींवर फार झपाट्याने बदलते, आणि दोन्ही कोकणात भरपूर आहेत. एक पाणी, दुसरी उष्णता.

आधी पाणी. 25 अंशाला मोजलेले जुने, प्रसिद्ध आकडे आहेत: 17 टक्के पाणी असलेला मध 69 पॉइझ, 20 टक्के असलेला सुमारे 20 पॉइझ. पॉइझ हे श्यानतेचं माप, नाव विसरलात तरी चालेल. लक्षात एवढंच ठेवा की पाणी तीन टक्क्यांनी वाढलं तर मध साडेतीन पट पातळ झाला. कुणी तांब्याने पाणी ओतलं नाही, भेसळ केली नाही. माशीने मकरंद पंख्यासारखे पंख हलवून वाळवला, पण बाहेरची हवाच दमट असेल तर ती किती वाळवणार? सातेरीच्या मधात पाणी मुळातच जरा जास्त राहतं. वर आपण अधीर. मधकोठ्यातल्या, म्हणजे पेटीच्या मध साठवायच्या भागातल्या, पोळ्याच्या चौकटीच्या निदान पाऊण घरांवर मेणाची टोपी आली नसेल तर ती चौकट मध काढायच्या यंत्रात, म्हणजे मधयंत्रात, घालायची नाही, हा नियम आहे. उघड्या घरातला मध अजून कच्चा असतो, तो बरोबर आला की सगळी बरणी पातळ होते.

आणि काढल्यावरही सुटका नाही. 17-18 टक्के पाण्याचा मध साधारण 60 टक्के आर्द्रतेच्या हवेशी समतोलात असतो. त्याहून दमट हवेत तो पाणी ओढून घेतो. आपल्याकडे आषाढात हवा त्याच्या किती पलीकडे असते हे पापड करणाऱ्यांना विचारा. झाकण सैल राहिलं तर वरचा थर आधी पातळ होतो, त्यात यीस्ट जागं होतं, आणि झाकणाखाली फेस येऊन आंबूस वास सुटतो. आपल्या अन्न मानकात मधात 20 टक्क्यांहून जास्त पाणी चालत नाही. त्याच्यावर आंबायची भीती खूप वाढते.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी) दहा मिनिटं? चिठ्ठीत पाच लिहिलंय, पण अक्षर वाईट आहे. बरं, धावतो.

उष्णता. 16 टक्के पाण्याचा एक मध 20 अंशांच्या आसपास 190 पॉइझ, 29 ला 68, 39 ला 21. म्हणजे जानेवारीच्या पहाटे आणि मेच्या दुपारी तोच मध पाच-सात पट वेगळा वाहतो. दुकानदाराने ओट्यावरचा माझा मध एसीतल्या दुसऱ्या मधाशी ताडला, तो यामुळे अन्याय. तुलना करायची तर दोन्ही सारख्या बाटल्या रात्रभर एकाच खोलीत ठेवा. सकाळी दोन्ही एकदम उलट्या करा आणि वर जाणारा बुडबुडा बघा. ज्यात तो लवकर वर पोचेल त्यात पाणी जास्त. भेसळ मात्र यातूनही कळत नाही, पाण्याचा अंदाज येतो. नक्की आकडा हवा तर रिफ्रॅक्टोमीटर. काचेवर एक थेंब ठेवायचा, डोळा लावायचा, उजेड किती वाकला त्यावरून पाणी किती ते वाचायचं.

भेसळीसाठी प्रयोगशाळाच. ठरलेल्या चाचण्या चुकवतील असे साखरेचे पाक बनवले जातात, हे 2020 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने पुढे आणलं. तिथे आपल्या स्टुलाचा काय पाड लागणार.

एक अपवाद सांगितल्याशिवाय बसणार नाही. सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी एकदा सामूहिक फुलते. तिचा मध स्थिर ठेवला तर थिजल्यासारखा होतो, बरणी आडवी केली तरी धार नाही. ढवळला की वाहू लागतो, ठेवून दिला की पुन्हा घट्ट. त्यात असलेल्या प्रथिनांचं जाळं हलवल्यावर मोडतं, थांबल्यावर पुन्हा बांधतं. मधयंत्रात असा मध सहज सुटत नाही, आधी पोळ्यातच ढवळून सैल करावा लागतो. दुकानदाराच्या परीक्षेत तो ढवळण्याआधी नापास आणि नंतर पास.

मागून प्रश्न आला, मधाची साखर झाली तर? झाली तर झाली. ग्लुकोजचे स्फटिक सुटतात, म्हणून आधी मध ढगाळ दिसतो, मग दाणेदार. खराब झालेला नसतो. बरणी हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात उभी करा, तास-दोन तासांत तो विरघळेल. गॅसवर चढवू नका, रंग काळपट होतो आणि वास उडतो. टेबलावर दोन बरण्या आणि दोन चमचे ठेवलेत, चव घ्या. चमचे अदलाबदल करू नका आणि ओला चमचा आत घालू नका. अध्यक्ष उठलेत, तेव्हा मी थांबतो.