कपाळावरच्या आठ्या

(दृश्य: चेहरा, अगदी जवळून. ओठ एका बाजूला ओढलेले.)

"यांचं तोंड उजवीकडे गेलंय." घरचे असंच सांगतात, आणि ऐकणारा उजवी बाजू लुळी पडली असं धरून चालतो. इथेच पहिली गफलत होते. उजवीकडचे स्नायू धडधाकट आहेत. पलीकडून ओढणारं कुणी उरलं नाही, म्हणून ते ओठ आपल्याकडे खेचून घेतायत. दुबळी बाजू डावी आहे. नाकाच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी बघा, डावीकडे ती पुसून गेली आहे.

बाजू कळली. पण बिघाड नेमका कुठे झालाय, हे ओठ सांगत नाहीत. त्यासाठी नजर वर न्यावी लागते.

(दृश्य: दोन रुग्ण, पडद्याचे दोन भाग. दोघंही भुवया उंचावतायत.)

दोघांचंही डाव्या बाजूचं ओठाचं टोक लोंबतंय. डॉक्टरांनी दोघांना एकच सांगितलं, "छताकडे बघा, भुवया वर घ्या." या बाईंच्या कपाळाची उजवी बाजू आठ्यांनी भरली, डावी मात्र गुळगुळीत राहिली. शेजारच्या गृहस्थांच्या कपाळावर मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या आठ्या उमटल्या.

आता डोळे. "घट्ट मिटा, मी उघडायचा प्रयत्न करतो." गृहस्थांचे दोन्ही डोळे मिटले. डावी पापणी जराशी सैल वाटते, तेवढं चालतं. बाईंचा डावा डोळा मिटतच नाही. पापण्यांच्या फटीतून पांढरं दिसतंय, कारण बुबुळ वर सरकलं आहे. डोळे मिटताना बहुतेकांचं बुबुळ असंच वर सरकतं, पण पापणी ते झाकून टाकते. इथे पडदाच उघडा राहिला, म्हणून ते दिसलं. याला बेल्स फिनॉमेनन म्हणतात.

(दृश्य: चित्रांकन. मेंदूचे दोन अर्धगोल, खाली मेंदूचा देठ.)

चेहरा हलवण्याचा हुकूम मेंदूच्या वरच्या थरातून निघतो. तिथून खाली येणारी तार म्हणजे अप्पर मोटर न्यूरॉन. ती पॉन्स नावाच्या भागात, मेंदूच्या देठात, एका केंद्रापाशी संपते. तिथून दुसरी तार निघते ती थेट स्नायूंपर्यंत जाते. ती लोअर मोटर न्यूरॉन, म्हणजेच सातवी नस.

या केंद्रात चेहऱ्याच्या वरच्या आणि खालच्या भागासाठी वेगवेगळे गट आहेत. खालच्या भागाच्या गटाला हुकूम मुख्यतः विरुद्ध बाजूच्या मेंदूकडून येतो. कपाळाच्या गटाला दोन्ही बाजूंकडून येतो. म्हणून उजव्या मेंदूतली वरची तार तुटली तर डावा गाल, डावा ओठ पडतो, पण डाव्या कपाळाला डाव्या मेंदूकडून हुकूम मिळत राहतो. त्या गृहस्थांचं हेच झालंय.

केंद्र किंवा त्याच्या पुढची नस गेली, तर मात्र वरून कितीही हुकूम येवोत, स्नायूपर्यंत पोचवणारं कुणी नाही. कपाळ, डोळा, गाल, ओठ, अर्धा चेहरा एकत्र जातो, आणि तोही बिघाड झाला त्याच बाजूचा.

(दृश्य: गृहस्थ हसतात. कॅमेरा थरथरतो.)

हा तुकडा ठरवून घेतलेला नाही. "दात दाखवा" म्हटल्यावर त्यांचा डावा ओठ हललाच नव्हता. मग नातीने काहीतरी म्हटलं, आणि ते हसले. ओठाची दोन्ही टोकं वर गेली. आपसूक येणाऱ्या हसण्याची वाट मेंदूत वेगळी आहे. काही रुग्णांमध्ये ती शाबूत राहते, आणि मग खालची नस ठीक असल्याची खूण मिळते.

बाईंच्या नसेत बिघाड कुठे, हेही विचारून कळतं. भांडं पडलं की डाव्या कानात असह्य मोठा आवाज येतो, आणि जिभेच्या डाव्या बाजूची चव गेली आहे. ऐकू नीट येतं, डोळे सगळीकडे फिरतात. कानाच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाताना या नसेला आधी आवाज आवरणाऱ्या स्नायूची फांदी फुटते, मग चवीची. दोन्ही गेल्या, म्हणजे बिघाड बोगद्यातच, पहिल्या फांदीच्या वर. अशक्तपणा ३ दिवसांच्या आत वाढत गेला, दुसरं कारण सापडलं नाही. हा बेल्स पाल्सी. स्टेरॉइडच्या गोळ्या, डोळ्यात थेंब, रात्री डोळ्यावर पट्टी.

(दृश्य: तिसरा रुग्ण. ५८ वर्षांचे. कपाळ, डोळा, ओठ, सगळी डावी बाजू पडलेली.)

या गृहस्थांसाठी आम्ही ही फिल्म केली. कपाळ सपाट, डोळा उघडा. बाईंसारखाच चेहरा. पहिल्या तपासणीत "नसेचा त्रास आहे, पक्षाघात नाही" असं सांगून त्यांना घरी पाठवलं गेलं. कपाळाची तपासणी चुकली नव्हती, तिच्यावरून काढलेला अर्थ चुकला. कपाळ पडलं, एवढ्यावरून बिघाड केंद्रात किंवा त्याच्या पुढे आहे, इतकंच कळतं. केंद्र स्वतः मेंदूच्या आत आहे. नसेचा पहिला भागही पॉन्समधूनच वाट काढत बाहेर येतो. तिथला पक्षाघात असाच अर्धा चेहरा घेऊन जातो.

त्यांनी एक गोष्ट आधीच सांगितली होती: समोरून येणारी गाडी दोन दिसते.

(दृश्य: डॉक्टरांचं बोट डावीकडे सरकतं. डोळे, जवळून.)

उजवा डोळा बोटामागून नाकाकडे गेला. डावा डोळा मधोमध थांबला. डोळा बाहेर नेणारी सहावी नस निकामी आहे. सातवी नस पॉन्समध्ये सहावीच्या केंद्राला वळसा घालून बाहेर पडते, दोघी इतक्या जवळ असतात. सहावीचं केंद्रच गेलं असतं तर दोन्ही डोळे डावीकडे वळले नसते, कारण नजर डावीकडे नेण्याचा हुकूम तिथूनच सुटतो. इथे एकच डोळा अडलाय, म्हणजे घाव केंद्राच्या पुढे, नसेच्या वाटेवर.

आता हात. तळवे वर करून दोन्ही हात समोर धरायचे, डोळे मिटून. डावा डोळा मिटत नाही, म्हणून डॉक्टरांनी तो रुमालाने झाकलाय. सेकंद मोजले जातायत. उजवा तळवा हळूहळू आत वळतो, हात खाली येतो.

चेहरा डावा, हात उजवा. हाताची तार पॉन्सच्या पुढच्या भागातून डावीकडूनच उतरते आणि खूप खाली, मणक्याच्या तोंडाशी बाजू बदलते. सहावी, सातवी आणि हाताची तार, तिघी जिथे एकत्र येतात अशी जागा एकच: डाव्या पॉन्सचा खालचा, पुढचा भाग. या जुळणीला मिलार्ड-गुब्लर सिंड्रोम म्हणतात.

आधीचा सीटी स्कॅन स्वच्छ होता. कवटीच्या तळाचं जाड हाड तिथलं चित्र बिघडवतं आणि छोटा घाव लपून जातो. एमआरआयमध्ये तो दिसला, डाव्या पॉन्समध्ये, पांढरा. रक्ताची गुठळी विरघळवायचे पहिले साडेचार तास तोवर उलटून गेले होते.

(दृश्य: गृहस्थ काठी घेऊन जिना उतरतात. डाव्या डोळ्यावर पट्टी.)

पायरी दोन दिसू नये, म्हणून पट्टी.